शेजारचा आकडा

रविवार कारंज्याजवळच्या लॉटरीच्या टपरीवर सुवर्णाताईंना मान होता, आणि तो त्यांनी कमावलेला होता. आयुष्य तिकिटं विकण्यात गेलं, पण स्वतःसाठी एकही घेतलं नाही. "हलवाई कधी मिठाई खातो का?" असं म्हणायच्या आणि खुर्चीत आणखी ताठ बसायच्या.

माणसं त्यांना तोंडपाठ होती. तिकिटं त्या सहसा हातात देत नसत, पत्त्यांसारखी पसरून ठेवत. स्वतः उचललेलं तिकीट माणसाला आपलं वाटतं. रिक्षावाला गोटीराम आकड्यांची बेरीज नऊ आल्याशिवाय घेत नसे. एकदा ताई गमतीने म्हणाल्या, "ते मला दे, बदल्यात दोन घे." गोटीरामने तिकीट खिशात टाकून वर हात ठेवला.

"नको ताई, हे मी निवडलंय."

दोन तिकिटांनी संधी दुप्पट झाली असती. पण हे सांगून ऐकतो कोण?

निकालाच्या दिवशी तर विचारूच नका. शेवटचे चार आकडे जुळले की बक्षीस. हातात ४४७१ आणि लागला ४४७२, की माणूस कपाळावर हात मारतो, "थोडक्यात हुकलं!" आणि हळहळतच पुढच्या आठवड्याचं घेतो. साफ हरलेला एखादे वेळी येत नाही, थोडक्यात हुकलेला हटकून येतो. खरं तर सोडतीच्या यंत्राला शेजारपाजार कळत नाही. ४४७२ लागला, तर ४४७१ही गेला आणि ९०३८ही गेला, सारखेच. शिवाय लागण्याची तऱ्हा एकच, हुकण्याच्या मात्र किती! एक वर, एक खाली, उलटा, मागच्या आठवड्यातला. म्हणून 'थोडक्यात' सगळ्यांच्याच वाट्याला येतं. ताईंना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

मग पुंजाराम यायला लागला. सायखेड्याचा म्हातारा, फुलबाजारात झेंडू विकून येई. बोटं पिवळी असत. तो पसरलेल्या तिकिटांकडे बघतही नसे.

"ताई, तुमच्या हातानं द्या."

पहिल्या आठवड्यात त्याचं तिकीट एकाने हुकलं. लागलेला आकडा त्याच्या पुढचा. ताई मनात हसल्या. दुसऱ्या आठवड्यातही एकाने, पुढचाच. तिसऱ्यांदा त्या हसल्या नाहीत. दर वेळी तो पुढचा आकडा त्यांच्याच टपरीवर न विकता राहिलेला असे आणि सोडतीआधी उरलेल्या तिकिटांबरोबर ठोक व्यापाऱ्याकडे परत गेलेला असे.

पुंजाराम हळहळत नसे. निकालाच्या कागदाकडे न बघता ताईंकडे बघे.

"अजून यायचं हाय," एवढंच म्हणे.

ताईंनी तिकिटं पिसून पाहिली, उलटी ठेवून पाहिली, डोळे मिटून एक उचलून त्याला दिलं. पुढचाच आकडा लागला. निकालाच्या त्या दिवशी टपरीत झेंडूचा वास दुपारपर्यंत रेंगाळला, आणि पुंजाराम तर आलाच नव्हता.

ताईंना भीती वाटली. पण भीतीहून मोठं काहीतरी छातीत फुगत होतं. बाकीचे आंधळेपणाने घेतात. आपल्याला रीत कळली आहे. हे नशीब नव्हे, हे आपण ओळखलेलं गणित. इतकी वर्षं हात स्वच्छ ठेवला, तो याच आकड्यासाठी असेल!

पुढच्या वेळी त्यांनी पुंजारामला ६३१७ दिलं. तो वळल्यावर ६३१८ उचललं, पैसे स्वतःच्याच गल्ल्यात टाकले आणि तिकीट ब्लाउजमध्ये ठेवलं. आयुष्यातलं पहिलं.

लागला ६३१९.

ताई कागदाकडे बघत राहिल्या. समोर पुंजाराम उभा होता. त्याने लांब श्वास सोडला. डोक्यावरची पाटी उतरवावी तसे त्याचे खांदे खाली आले.

"माझं दोनानं हुकलं, ताई. सुटलो."

"म्हणजे?"

"मीबी तिकिटं इकायचो. बाजारात टपरी व्हती माझी. लय ताठा व्हता. कधी घेतलं नव्हतं एकबी."

तो गेला. पुन्हा आला नाही.

ताईंना रडू आलं नाही. उलट मान जरा वरच झाली. गोटीरामचं कुठल्या कुठे हुकतं. आपलं फक्त एकाने.

पुढच्या आठवड्यात टपरी लवकर बंद करून त्या इंदिरानगरला गेल्या. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. नव्या टपरीवर पल्लवी नावाची चुणचुणीत बाई तिकिटं पसरून बसली होती.

"निवडा ना मावशी, तुमच्या पसंतीचं."

"नको. तू तुझ्या हाताने दे."

पल्लवी हसली. खुर्चीत जरा ताठ बसली.

"मी आपली देते. पण स्वतः कधी घेत नाही हं, आजवर एकही नाही."

"माहीत आहे," सुवर्णाताई म्हणाल्या आणि हात पुढे केला. बोटं पिवळी झाली होती.