कानातला कापूस

सुनंदा गेल्याचं कळलं तेव्हा दिनकर शेडगे विजेच्या खांबावर होता. लाइनवरच्या सोबत्यांनी आधी त्याला खाली उतरवलं, पाणी पाजलं आणि मग सांगितलं, की तिने स्वतःला संपवलं. मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. आदल्या दिवसापर्यंत घरातले म्हणत होते, पहिलटकरीण आहे, थकवा असतो. मुलीला मोठेपणी सांगितलं, आई तापाने गेली.

ती मुलगी, तेजू, एकोणतीस वर्षांनी बाळंतपणासाठी तासगावला माहेरी आली. बाळंतपण करायला दिनकरची थोरली बहीण कमल आली होती. शेक, तेल, डिंकाचे लाडू, सगळं वेळेवर. तेजूच्या कानात कापूस आणि त्यावरून घट्ट स्कार्फ, वारं लागू नये म्हणून.

दवाखान्याने आता प्रत्येक बाळंतिणीला ‘सोबतीण’ द्यायला सुरुवात केली होती. आईच्या मनगटावर एक पट्टा, बाळाच्या पायात दुसरा आणि खिडकीत ठेवायची डबी. पट्टे झोप मोजायचे. डबी दर सोमवारी गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न विचारायची.

चौथ्या सोमवारी सकाळी डबी बोलली, “हसण्यासारखं काही घडलं की हसू येतं का?”

“येतं की! नेहमीसारखं,” कमल म्हणाली.

“कारण नसताना स्वतःला दोष देता का?”

“कधीच नाही.”

दिनकर दारात उभा होता. “अक्का, उत्तरं तू देतेस?”

“तिच्या कानात कापूस आहे, तिला ऐकू येतंय होय? तीन सोमवार मीच देतेय. मला ठाऊक नाही का तिचं?”

दहा प्रश्न संपल्यावर डबीवर पिवळा दिवा लागला. “उत्तरं आणि झोप जुळत नाहीत. कृपया आईला पुन्हा विचारा.”

“बिघडलंय यंत्र,” कमल म्हणाली. “मागच्या सोमवारीही असंच बडबडलं.”

दिनकरने डबीवरचे आकडे बघितले. बाळ दिवसाला चौदा तास झोपत होतं. तेजू अडीच. त्याने खाटेकडे पाहिलं. बाळ गाढ झोपलं होतं आणि तेजू आढ्याकडे बघत पडली होती. उशाशी लाडू तसाच होता, कालचाही.

“थकलीय ती,” कमल म्हणाली. “बाळंतीण थकणार नाही तर काय तू थकणार?”

“थकलेलं माणूस बाळ झोपलं की झोपतं, अक्का. हिला झोपायला मिळतंय आणि झोप येत नाही. रडूबिडू आठ-दहा दिवस येतं, मग ओसरतं असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. हा चौथा आठवडा आहे.”

“तू चाळीस वर्षं तारा ओढल्यास. बाळंतपणातलं तुला काय कळतंय?”

“दोन मीटर जुळले नाहीत तर आम्ही मीटरला शिव्या देत नाही. लाइन तपासतो. तू जरा बाहेर बस.”

कमल पदर खोचत निघून गेली. दिनकरने तेजूचा स्कार्फ सोडला, कानातला कापूस काढला. डबी पुन्हा पहिल्यापासून विचारू लागली. हसू येतं का? नाही. दोष देता का? हो, बहुतेक वेळा. तेजू हळू बोलत होती, पण एकाही उत्तराला अडखळली नाही.

“स्वतःला इजा करावी असं मनात येतं का?”

तेजूने मान वळवून बाळाकडे पाहिलं. हे विचारलं की माणसाच्या मनात नसलेलं भरतं, असं दिनकर इतकी वर्षं समजत होता. तरी त्याने विचारलं, “तेजू, मरावंसं वाटतं का गं?”

“कधीकधी,” ती म्हणाली. “बाळाला माझ्यापेक्षा चांगली कुणीतरी मिळेल, अण्णा. मला त्याला घेतलं तरी काही वाटतच नाही. सगळे म्हणतात, किती सुखाची बाळंतीण.”

दिवा लाल झाला. बाकीच्या नऊ उत्तरांची बेरीज काहीही असली, तरी या एका ‘कधीकधी’वर डबी थेट दवाखान्याला फोन जोडत होती. नर्सबाईंचा आवाज आला, “तिला एकटं सोडू नका. घरातली औषधं कुलपात ठेवा. आजच घेऊन या.”

दुपारी डॉक्टर मांडके यांनी तेजूशी एकटीशी बोलून घेतलं. रक्त आणि थायरॉइडची तपासणी लिहिली. मग कमल आणि दिनकरला बोलावलं. तेजू बाहेर नर्सबाईंजवळ बसली होती.

“हा आजार आहे. बरा होतो,” डॉक्टर म्हणाल्या. “अंगावर पाजताना चालेल असं औषध देतेय. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील. तोवर दर आठवड्याला बोलायला आणा. आणि रोज सलग पाच तास तिला झोप हवी. तेवढा वेळ बाळ दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचं.”

“मी सांभाळीन,” कमल म्हणाली. “मला वाटलं, आपल्याच माणसाचं आपल्याला कळतं.”

“तिच्या आईला किंवा बहिणीला असं काही झालं होतं? तेजूने लिहिलंय, आई तापाने गेली.”

कमलने दिनकरकडे पाहिलं. सुनंदाला ‘थकवा आहे’ म्हणणाऱ्यांत तीही होती, आणि तोही.

“ताप नव्हता,” दिनकर म्हणाला. “असंच होतं. कुणी विचारलं नाही.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. “तिला माहीत असायला हवं. पण घाई करू नका. जरा सावरली की माझ्यासमोर सांगू.”

घरी आल्यावर दिनकरने औषधं कपाटात ठेवून कुलूप लावलं. कमल बाळाला घेऊन ओसरीत बसली. तेजूच्या कानात कापूस नव्हता. तिचा डोळा लागला होता आणि तिच्या पट्ट्यावर झोपेचा आकडा पहिल्यांदाच अडीच तासांपुढे सरकू लागला होता.

तिच्या आईबद्दल तिला सांगायचं अजून बाकी होतं.