पंधरा फ्रेमचं दार

दाराची फट चौदा पिक्सेल रुंद होती. मोजली, कारण ते दार बंद असायला हवं होतं.

प्रेमगीताच्या व्हिडिओचा आराखडा मीच लिहिला होता आणि संकलनही मीच करत होते. पहिलं कडवं बसथांब्यावर, नायिका करड्या कपड्यांत, दर चार ठोक्यांना कट. दुसरं गच्चीवर, मोहरी रंगाचा शर्ट, दर दोन ठोक्यांना. शेवटच्या ध्रुवपदात एकच खोली. कॅमेरा तिपाईवर खिळलेला, नायिका एकाच जागी उभी, आणि दर ठोक्याला तिचा पोशाख बदलतो. आठ ठोके, आठ पोशाख. त्यानंतर चार ठोके नुसती रिकामी खोली. गाणं मिनिटाला शहाण्णव ठोक्यांचं, चित्र सेकंदाला चोवीस फ्रेमचं; म्हणजे एका ठोक्याला बरोबर पंधरा फ्रेम. इतका स्वच्छ भागाकार क्वचितच मिळतो.

खोली आमच्या आईच्या घरातली. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि घर विकायचं की नाही हे मी तेव्हापासून पुढे ढकलत होते. रिकामंच पडलंय, तर शूटिंग करू, असं म्हणून मीच ते सुचवलं. आठवा पोशाख म्हणून आईचा हिरवा स्वेटर दिला. चौकटीत डावीकडे दिसणारं दार तिच्या झोपायच्या खोलीचं. त्याला कुलूप मी लावलेलं, किल्ली माझ्या पर्समध्ये.

"कट ठोक्याच्या दोन फ्रेम आधी घे," दिग्दर्शक मागून म्हणाला. त्याला आम्ही सगळे कॅप्टन म्हणतो. "बरोबर ठोक्यावर कापलं की चित्र उशिरा पोचल्यासारखं वाटतं."

"आधीच घेतलाय. तू हे दार बघ."

"दार कोण बघतंय गं बाई? पोरगी एवढी गोड दिसतेय!" तो हसत चहा आणायला गेला.

मी पुढचे कट मोजले. दुसऱ्या ठोक्याला एकोणतीस पिक्सेल. तिसऱ्याला चव्वेचाळीस. फट दर कटला पंधरानं वाढत होती.

कुणीतरी दार ढकलत गेलं असेल, हा पहिला अंदाज. पण आम्ही गाण्याच्या क्रमानं शूटिंग केलंच नव्हतं. मोकळ्या केसांचे पोशाख सकाळी, बांधलेल्या केसांचे दुपारी. केशभूषाकाराचा वेळ वाचावा म्हणून. हिरवा स्वेटर तर सर्वांत आधी चित्रित झाला होता. मग सर्वांत रुंद फट त्याच्यामागे का?

मी दुसरा आणि सातवा शॉट अदलाबदल करून लावले. पुन्हा मोजलं.

चौदा, एकोणतीस, चव्वेचाळीस. आकडे जागचे हलले नव्हते. फट शॉटची नव्हती, ठोक्याची होती.

मूळ फायली एकेक उघडून पाहिल्या. आठही फायलींत दार घट्ट बंद. कुलूपसुद्धा दिसत होतं.

भीती वाटायला हवी होती. मला मात्र पुढचा आकडा हवा होता.

फोन वाजला. धाकटा भाऊ.

"ताई, गिऱ्हाईक पाचपर्यंत थांबेल. आज नाही म्हणालीस तर सौदा मोडला."

"सांगते."

"दोन वर्षं 'सांगते'च चाललंय! आईच्या खोलीत तू पाऊलही टाकत नाहीस, आणि मला विकूही देत नाहीस. मी काय समजायचं?"

"पाच मिनिटं थांब. फोन ठेवू नकोस."

फोन टेबलावर उताणा ठेवला आणि शॉट मूळ क्रमानं लावले. आठवा ठोका. हिरवा स्वेटर. एकशे एकोणीस पिक्सेल. आत पलंगाचा पाय दिसत होता.

पुढे फक्त रिकामी खोली.

नववा ठोका. पलंगाची कड.

दहावा. जमिनीवर आईच्या घरात घालायच्या चपला. त्या मी स्वतः टाकून दिल्या होत्या.

अकरावा. चपलांची तोंडं दाराकडे. शेजारी आणखी एक जोडी, टाचेला काळ्या दोऱ्याचा टाका घातलेली.

बाराव्या ठोक्याला मी चित्र थांबवलं आणि मोठं केलं. तो टाका मी गेल्या आठवड्यात माझ्या चपलेला घातला होता. शूटिंगला महिना झाला होता.

टेबलाखाली पायांनी चाचपून पाहिलं. चपला नव्हत्या. फरशी गार होती.

"ताई? आहेस ना? काय ठरलं?"

फोन उचलला. पडद्यावर दोन जोड्या शेजारीशेजारी होत्या, नीट लावलेल्या.

"विकायचं नाही," मी म्हणाले. "मी तिथे राहायला जातेय."