चार दहाची हजेरी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. तिच्यातली प्रत्येक घटना सरकारी इमारतीत, सरकारी वेळेत, एका सरकारी नोकराच्या डोळ्यांदेखत घडली.

आता, सरकारी इमारतीत सरकारी वेळेत काही घडतं यावरच कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मान्य.

वार मंगळवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. भुतांना अंधार लागतो म्हणतात. पण ते जुन्या दप्तरांचं ऑफिस साडेपाचला बंद व्हायचं आणि पाचलाच रिकामं व्हायचं. बिचाऱ्यांना दुसरी वेळच उरली नसावी.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो तिथला बाइंडर. जुन्या वह्या उसवायच्या, पानं साफ करायची, पुन्हा शिवायची. एकतीस वर्षं हेच. ऑफिस म्हणजे परक्या राजवटीतल्या पलटणीची जुनी बराक. लांबच लांब खोली, जाड भिंती, आणि भिंतीला ओळीनं लोखंडी खुंट्या. पूर्वी शिपाई तिथं पट्टे अडकवायचे. आता रेकॉर्ड-कीपर बाई छत्री अडकवायच्या.

त्या आठवड्यात त्याच्या टेबलावर एक गठ्ठा आला होता. कुठल्याशा लांबच्या ठाण्याच्या तीन वह्या. एक शिपायांच्या वर्णनाची, एक पगाराची, एक औषधांची. उंदरांनी तिन्हींचे कोपरे समान न्यायानं खाल्ले होते.

बाई चहाला गेल्या होत्या.

बाइंडरनं सुईत दोरा ओवला, आणि...

बुटांचा आवाज आला.

खाड. खाड. खाड. माणसं ओळीनं येऊन उभी राहावीत तसा.

त्यानं वर पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पंखा होता, तोही बंद.

मग कुणीतरी घसा खाकरला, आणि एक दमदार आवाज एकेक नंबर पुकारू लागला.

"हजर!"

"हजर!"

"हजर!"

अकरा नंबर. अकरा उत्तरं. मग बुटांचा आवाज लांब गेला... आणि विरला.

बाई चहा घेऊन परतल्या. "काय हो बाइंडरसाहेब, भूत पाहिल्यासारखे काय बसलात?"

"पाहिलं नाही," तो म्हणाला. "ऐकलं."

"मग कान तपासा. मेडिकल बिल मिळतं, पण तीन वर्षांनी."

बुधवारी पुन्हा. चार दहा. या वेळी त्यानं नंबर नीट ऐकले. आठवा नंबर आला, आणि त्याच्या हातातली सुई खाली पडली.

"चव्वेचाळीस सतरा!"

"हजर!"

हा नंबर त्याला तोंडपाठ होता. त्याच्या आईनं आकडे गिरवले होते ते याच नंबरावर. घरात पाटी नव्हती, भरतीचा कागद होता. तो तिच्या बापाचा नंबर होता.

त्या बापाची गोष्ट घरात एका ओळीत सांगितली जायची. पलटणीत गेला, आणि पळाला.

भरती कशी झाली, ते मात्र आई रंगवून सांगायची. एक सुभेदार आला, सोबत ताशा. आसपासच्या गावांचे लोक जन्मजात लढवय्ये आहेत, असं कुणा गोऱ्या साहेबानं पुस्तकात लिहिलं होतं. गावात कुणाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. छाती मोजली, दात पाहिले. सुभेदाराला माणशी इनाम होतं, म्हणून ज्यांची छाती कमी भरली त्यांना त्यानं श्वास आत घ्यायला सांगितलं. एकाच गावचे बारा जण गेले. साहेबांना तसंच हवं असायचं. एका गावची माणसं एका तुकडीत ठेवायची, म्हणजे एक पळाला तर बाकीच्यांची गावात नाचक्की. आणि शेजारच्या तुकडीत दुसऱ्याच मुलखाची माणसं ठेवायची. ही बिथरली तर ती कामाला येतात, ती बिथरली तर ही.

झेंड्यावर हात ठेवून शपथ. पगार गोऱ्या शिपायाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. त्यातून गणवेश, बूट, धोबी कापून घ्यायचे. समुद्रापार जादा भत्ता देऊ असं सांगून जहाजावर चढवलं, आणि उतरल्यावर भत्ता अर्धा केला. पण एक गोष्ट चोख होती. पगारातला ठरलेला हिस्सा दर महिन्याला घरी यायचा.

म्हणजे शिपाई यादीत असेपर्यंत.

आई तीन वर्षांची असताना तो हिस्सा यायचा थांबला. घरी पोलीस आले, कणगी उपसून पाहिली. बाप फरारी. ना बाकी पगार, ना पदक, ना विधवेला काही. विधवा तरी कशी म्हणायची? नवरा पळालेल्या बाईला कुंकू लावायचं की पुसायचं, हेसुद्धा कुणी सांगत नव्हतं.

आई आता चौऱ्याऐंशीची. तिला लाज कधीच वाटली नव्हती. तिचं दुखणं वेगळं होतं.

"पळाला तर पळाला रे," ती म्हणायची. "जीव वाचवला असेल. पण मग जगला ना कुठंतरी? आणि जगला, तर माझ्याकडे का नाही आला?"

एक्याऐंशी वर्षं हा एकच प्रश्न.

गुरुवारी बाइंडर कान टवकारून बसला. आणि त्याला तेव्हा कळलं की...

उत्तरं अकरा होती. माणसं दहा होती.

चव्वेचाळीस सतराला जो "हजर" म्हणाला, तोच आवाज दुसऱ्या नंबरालाही "हजर" म्हणाला होता. बसका, सर्दी झाल्यासारखा. शुक्रवारी पुन्हा तसंच. फक्त त्या दिवशी आठव्याला दुसरा कुणी बोलला. किरट्या आवाजाचा.

रोज एक जण त्या नंबराचं उत्तर देत होता. पाळीपाळीनं.

बाइंडरनं टाके सोडले आणि तिन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. इतकी वर्षं तो वह्या शिवत आला होता. वाचल्या कधीच नव्हत्या. त्याचा वेगळा भत्ता नव्हता.

वर्णनाच्या वहीत लिहिलं होतं: नंबर ४४१७. रंग सावळा. डाव्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा व्रण.

औषधांच्या वहीत त्याच नंबरापुढे तापावरचं कोयनेल. एक दिवस, दोन दिवस... सलग नऊ दिवस. दहाव्या दिवशी काही नाही. पुढे कधीच नाही.

मग पगाराची वही. दर महिन्याला प्रत्येक शिपायाच्या नंबरापुढे डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यानं भिंग लावलं. ४४१७ च्या ठशात मधोमध पांढरी आडवी रेघ. व्रण. महिन्यामागून महिने तीच रेघ.

कोयनेल थांबलं त्या महिन्यापासून रेघ नाही.

पुढचे सात महिने, सात ठसे. सातही वेगळे. एकही त्याचा नाही.

तो तापानं गेला होता.

कायदा सरळ होता. गोळी लागून मेला तर विधवेला पेन्शन. तापानं मेला, आणि नोकरीही पुरती झालेली नसली, तर घरी फक्त एक पत्र. लांबचं ठाणं, नाईक आणि त्याच्या हाताखाली अकरा जण, सगळे एकाच गावचे. मेलेल्याच्या घरी तीन वर्षांची पोर आहे हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी त्याला पुरलं. आणि दुसऱ्या दिवशी नाईकानं त्याचा नंबर पुकारला...

कुणीतरी म्हणालं, हजर.

शपथ राजाच्या झेंड्याची घेतली होती. ती पाळली गेली ती अशी.

सात महिन्यांनी तपासणीला साहेब आला आणि त्यानं डोकी मोजली. दहा. खरं सांगितलं तर खोट्या हजेरीचा गुन्हा. सगळ्यांना कोर्टमार्शल, सगळ्यांच्या घरचा हिस्सा बंद. नाईकाचा शेरा वहीत होता.

'४४१७ काल रात्रीपर्यंत हजर. आज नाही.'

त्याखाली साहेबाचा एकच शब्द. फरारी.

त्याला जगवता जगवता त्यांनीच त्याला पळपुटा केला होता.

संध्याकाळी बाइंडरनं आईच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. ओरडून, कारण तिला ऐकू येत नसे. शेजाऱ्यांनाही सगळं कळलं.

आईनं बोटांवर महिने मोजले.

"शेवटी शेवटी पैसे जास्त यायचे," ती म्हणाली. "वेगळी मनीऑर्डर. आई म्हणायची, तुझ्या बापाला बढती मिळाली."

मेलेल्या माणसाचा ठाण्यावर मिळणारा पगारही त्यांनी खाल्ला नव्हता.

"आणि तो मिशीवाला रे! लढाई संपल्यावर पेन्शनच्या दिवशी आमच्या दारासमोर येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही काही. आईनं एकदा शेणाचं पाणी फेकलं अंगावर. तरी पुढच्या महिन्यात आला." तिनं पदर डोळ्यांना लावला. "नाईक होता म्हणे."

सोमवारी ती रिक्षानं ऑफिसात आली. रेकॉर्ड-कीपर बाईंनी स्वतःची खुर्ची दिली, ही त्या इमारतीतली दुसरी अद्भुत घटना.

"आजी, चहा घेणार?"

"नंतर. आधी काम."

चार दहा.

बूट आले. खाड, खाड... बाई खिडकीशी पावती फाडत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नाही. आईला तर नाहीच. बाइंडरनं एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि नंबर मोजत राहिला. पाच. सहा. सात.

"चव्वेचाळीस सतरा!"

त्यानं खांदा दाबला.

आई खुर्चीचा हात धरून उठली. रिकाम्या खोलीकडे तोंड करून, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"ते गेले. तापानं गेले. मी त्यांची मुलगी."

तिनं पदर सारखा केला.

"तुम्ही माझं पोट भरलंत. आईला माहीत नव्हतं, तिला माफ करा. आता त्यांच्या नावानं कुणी बोलू नका. त्यांना सुट्टी द्या."

कुणीच "हजर" म्हणालं नाही.

बाइंडर सांगतो, नाईकाचा आवाज पुढचा नंबर घ्यायला फार वेळ थांबला. श्वास घेतल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. एका माणसाचा नव्हता तो. मग उरलेले नंबर झाले, आणि बूट गेले. जाताना पावलं जुळत नव्हती.

"झालं का?" आईनं विचारलं.

"झालं."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले," तो म्हणाला.

आई त्याच वर्षी गेली. झोपेत. त्या खोलीत चार दहाला अजून हजेरी होते. दहा उत्तरं येतात. आठव्या नंबराला एक जागा रिकामी जाते, आणि त्या जागेला बाइंडर अजूनही हातातली सुई खाली ठेवतो. आवाजांची त्याला सवय झाली. त्या शांततेची झाली नाही.

'फरारी' हा शेरा काढावा म्हणून आईनं जाण्यापूर्वी अर्ज केला होता. सोबत ठशांच्या, औषधांच्या, वर्णनाच्या नकला, सगळ्या साक्षांकित. चौदा महिन्यांनी तो परत आला.

शेरा होता: संबंधित शिपायाने ओळख पटवण्यासाठी समक्ष हजर राहावे.