साठ जिंकलेल्या पैजा

"चोर आहे तो! तीन लाख गिळले माझे!" सरांनी फोन आपटला, तेव्हा त्यांच्या पत्नीचा, बाईंचा हात भिंतीवरच थबकला... भिंतीला धरल्याशिवाय त्यांना आता चालवत नसे, आणि हे सरांना ठाऊक नव्हते!

निवृत्तीनंतर गणिताचे हे सर कबड्डी-क्रिकेटवर पैजा लावू लागले होते. बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले एक लाख दहा हजार त्यांनी एजंटाकडे भरले, ते बाईंना पासबुकातून कळले. "गुडघा आता दुखत नाही हो," एवढेच म्हणाल्या. आज सरांनी ऑपरेशनसाठी फोनवर पैसे मागितले, तर एजंट म्हणाला, खाते रिकामे आहे.

"वही खोटं बोलत नाही! कबड्डी हिरव्या शाईत, क्रिकेट निळ्या! चल, तुलाच समजावतो."

बाई कशाबशा खुर्चीवर टेकल्या.

"प्रत्येक पैज पाच हजारांची, भाव एक पूर्णांक ऐंशी शतांश. जिंकलो की नऊ हजार परत. अशा साठ जिंकल्या, पाच लाख चाळीस हजार. सत्तर हरलो, साडेतीन लाख गेले. नफा एक लाख नव्वद हजार, आपली मुद्दल धरून तीन लाख! आता ही पहिली कबड्डीची पैज बघ. शेवटच्या चढाईत जिंकलो. मी पाच हजार दिले, त्याने नऊ..."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"...त्या नऊ हजारांत माझेच पाच होते गं! कमाई चारच. जिंकलेल्या पैजांत घातलेले पैसे मी वजाच केले नाहीत... साठ वेळा पाच हजार..."

तीन लाख! एजंटाने एक पैसाही खाल्ला नव्हता. चार हजारांप्रमाणे मिळवलेले दोन लाख चाळीस हजार आणि घालवलेले साडेतीन लाख... मुद्दल नेमकी संपली होती. अशी चूक करणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर उभे केले होते. आज ते स्वतःच उभे राहिले, आणि वहीच्या तळाशी लिहिले: तोटा, एक लाख दहा हजार.

"तुला माहीत होतं?"

"पैसे गेले, ते माहीत होतं."

"मग अडवलं का नाहीस?"

बाईंचे डोळे भरून आले. "शाळा सुटल्यापासून तुम्ही गप्पगप्प झाला होतात. मॅच लागली की मला हाक मारायचात, शेजारी बसवून चढाई समजवायचात... तेवढा वेळ माझा असायचा हो! तो कसा घालवू?"

सरांच्या हातून पेन गळून पडले. बायको पैसे गमावून सोबत विकत घेत होती, आणि ते शेजारीच बसून भाव बघत होते! त्यांनी एजंटाचा नंबर पुसला, वही कपाटात टाकली. मग ते गुडघे टेकून जमिनीवर, तिच्या पायांशी बसले.

"पेन्शनमधून साठवू. मॅच लागो न लागो, मी शेजारी बसेन. पण आज खरं सांग... किती दुखतो?"

दुखत नाही, हे शब्द सवयीने बाईंच्या ओठांशी आले. त्यांनी ते गिळले.

"खूप," त्या म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने रडल्या.