त्यानी की त्यान

"उंदरानं खाल्लेलं पत्र टाईप कसं झालं?" चेतननं विचारलं.

उत्कर्षा आणि अपूर्वा जमिनीवर बसून पत्रांची तारखांप्रमाणे चळत लावत होत्या. दोघीही तेरा वर्षांच्या. चेतन हा उत्कर्षाचा भाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि असले प्रश्न विचारण्यात पटाईत. अपूर्वा शेजारच्या इमारतीतली. मे महिन्याची सुट्टी लागून आठ दिवस झाले होते आणि हडपसरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर सगळे पंखे पाचवर असूनही अंग चिकट होत होतं.

"दाखव," अपूर्वा म्हणाली.

चेतननं निळं आंतरदेशीय पत्र पुढे धरलं. त्याचा खालचा कोपरा तळहाताएवढा गायब होता. शेजारी टाईप केलेला कागद. त्यात मात्र त्या कोपऱ्यातल्या पाचही ओळी पूर्ण, कुठे टिंबटिंबसुद्धा नाही.

ही पत्रं उत्कर्षाच्या आजीची होती. गोदाबाई गेल्या वर्षी गेल्या. पन्नास वर्षांपूर्वी त्या आणि रंगनाथआजोबा सेलूहून हडपसरला आले, आजोबा कारखान्यात लागले, आणि आजी सेलूच्या आपल्या थोरल्या बहिणीला पत्रं लिहीत राहिल्या. ती अडतीस पत्रं बहिणीच्या घरच्यांनी जपून परत पाठवली होती. उत्कर्षाचे बाबा, योगेश, यांनी ती एका दुकानात टाईप करून घेतली होती. रविवारी आजीचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी ती कॅनडातल्या शामकाकाला आणि मेलबर्नच्या दीपमालाआत्याला ईमेलनं जायची होती.

"टायपिस्टनं मनानं भरलंय," उत्कर्षा हळूच म्हणाली.

तासाभरात आणखी सापडलं. आजी अक्षरांवर रेघ ओढत नसत, त्यामुळे त्यांचा 'ख' आणि 'रव' एकसारखे दिसत. "शामला म्हटल खा" याचं टायपिस्टनं "शामला म्हटलं रवा" केलं होतं.

"म्हणजे काका एवढासा होता आणि त्याला रवा म्हणायचे," चेतन म्हणाला. अपूर्वा हसली. उत्कर्षा नाही हसली.

संध्याकाळी बाबा घरी आल्यावर तिनं विषय काढला.

"अगं, भावना पोचल्याशी मतलब," बाबा बूट काढत म्हणाले. "दीपमालाचे रोज मेसेज येतायत. मी आज रात्री पाठवून मोकळा होतो."

"बाबा, पाठवायच्या आधी एवढं एकच पत्र वाचून दाखवाल? मुळातलं. तुम्ही वाचा, मी टाईपवर बोट ठेवते."

बाबांनी पत्र घेतलं आणि मोठ्यानं वाचू लागले. कोपऱ्याशी आल्यावर थांबले. कागद उलटा करून पाहिला. टाईप केलेला कागद पाहिला.

"हे 'तुझी आठवण येऊन डोळे भरतात' कुठून आलं?"

"तेच विचारतोय," चेतन म्हणाला.

बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आपल्या आईच्या तोंडी कुणीतरी परक्यानं वाक्य घातलं होतं आणि ते त्यांना खरं वाटलं होतं. "रविवारपर्यंत वेळ आहे," ते शेवटी म्हणाले. "करा तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून तिघांनी काम वाटून घेतलं. उत्कर्षा मूळ पत्र मोठ्यानं वाचायची, चुकलेलं शुद्धलेखनसुद्धा जसंच्या तसं. चेतन टाईप करायचा. मग अपूर्वा, जिनं ते ऐकलेलं नसायचं, स्वतःहून मूळ पत्र वाचून टाईपशी ताडायची. दोघींचं जुळलं नाही की तो शब्द चौकटी कंसात, प्रश्नचिन्हासकट. फाटलेल्या जागी "फाटले, अंदाजे चार शब्द". शाई उडालेली असेल तिथे "वाचता येत नाही". तारीख नसेल तर पोस्टाच्या शिक्क्यावरची, आणि ती शिक्क्यावरची आहे असं लिहून.

गुरुवारी दुपारी ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या पत्रापाशी आले.

उत्कर्षा वाचू लागली आणि तिचा आवाज आपोआप उतरला. आपल्याला आणखी एक आत्या होती, मुक्ताई, पाच वर्षांची होऊन वारली, एवढंच तिला माहीत होतं. तापानं, असा तिचा समज होता. पत्रात ताप नव्हता. कालवा होता. फळीवरून पलीकडे जाताना मुक्ताई पाण्यात पडली. दोन दिवसांनी सापडली. उत्कर्षानं अपूर्वालाही बोलावून घेतलं.

टायपिस्टच्या प्रतीत पुढे स्वच्छ लिहिलं होतं: "त्याने हात सोडला. मी लांबून पाहिलं."

"त्याने म्हणजे?" अपूर्वानं विचारलं.

"त्या दिवशी बरोबर आजोबा होते आणि शामकाका. आजोबांना आजी 'त्याने' म्हणणार नाही." उत्कर्षा थांबली. "शामकाका तेव्हा आठ वर्षांचा होता."

शामकाका पुण्याला फारसा येत नसे. आला तरी चार दिवसांत परत. आणि रविवारी त्याच्या आईच्या पत्रातून हे वाक्य त्याच्यापुढे जाणार होतं.

"मूळ शब्द बघू," अपूर्वा म्हणाली.

तो नेमका घडीवर आला होता. 'त्यान' दिसत होतं. त्यापुढे कागद झिजून पांढरा पडलेला. "काहीतरी आहे इथे," ती पुटपुटली. "चेतन, पडदा ओढ. मोबाईलची बॅटरी लाव. वरून नको, बाजूनं, अगदी कागदाला चिकटून."

आडवा उजेड पडला तसा कागद खडबडीत दिसू लागला. आजी बॉलपेन दाबून लिहीत. शाई गेली होती, पण दाब राहिला होता. पत्राची मागची बाजू तिथे कोरी होती. तिच्यावर 'न'च्या वर एक बारीकसा उंचवटा होता, कमानीसारखा.

"वेलांटी," चेतन म्हणाला.

"किंवा घडीची सुरकुती," अपूर्वा म्हणाली. "त्यानी. पण 'त्यांनी' असेल तर टिंब कुठंय?"

"आजी टिंब देतच नाही कितीतरी ठिकाणी."

"कितीतरी म्हणजे किती? मोजू."

सगळी अडतीस पत्रं पुन्हा काढली. दोन तास गेले. आजोबांबद्दल आजींनी एकोणीस ठिकाणी लिहिलं होतं. त्यातल्या आठ ठिकाणी टिंब देऊन 'त्यांनी', अकरा ठिकाणी टिंब विसरून 'त्यानी'. शामबद्दल लिहिताना चौदा ठिकाणी 'त्यान', वेलांटीशिवाय. शामसाठी 'त्यानी' एकदाही नाही. टायपिस्टनं शुद्ध करायच्या नादात सगळ्या 'त्यान'चं 'त्याने' केलं होतं आणि घडीवरच्या अर्ध्या शब्दाचंही तेच.

उत्कर्षानं हिशेब कागदावर उतरवला. काका सुटत होता. पण आत, हॉलच्या खिडकीपाशी, आजोबा पेपर वाचत बसले होते.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं बाबांना बाल्कनीत नेऊन सांगितलं. बाबांनी बाल्कनीचं दार ओढून घेतलं.

"हे वाक्य गाळून टाक," ते म्हणाले. "शामदादाला नको, आजोबांनाही नको."

"गाळते. पण सोबतच्या टिपणात लिहावं लागेल की एक वाक्य गाळलंय."

"का?"

"नाहीतर आपण आणि तो टायपिस्ट, सारखेच. त्यानं भरलं, आपण काढलं."

बाबांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग नुसतंच पाहिलं. "टिपण लिही," ते म्हणाले. "पाठवायचं काय, ते वाचून ठरवू."

शनिवारी तिनं, आधी काहीच न गाळता, टिपण लिहिलं:

"प्रिय शामकाका आणि दीपमालाआत्या, सोबत आजीची अडतीस पत्रं टाईप करून पाठवत आहोत. आजीनं जसं लिहिलं तसंच ठेवलं आहे, चुका सुधारलेल्या नाहीत. चौकटी कंसातला शब्द आम्हाला नक्की लागलेला नाही. कंस नाही तिथे आम्हा दोघींचं वाचन जुळलं आहे, तरीही शंका आली तर फोटो मागवा.

पत्र एकवीस, ओळ नऊ, हे कृपया सावकाश वाचा. 'त्यान' स्पष्ट आहे, पुढचं घडीत गेलं आहे. मागच्या बाजूला वेलांटीसारखा दाब दिसतो, पण ती सुरकुतीही असू शकेल. म्हणून आम्ही 'त्यान[ी?]' असं छापलं आहे. 'त्यान' असेल तर शामकाका, 'त्यानी' असेल तर आजोबा. 'हात सोडला' यावरून कळत नाही, कारण सोडला हे रूप हाताप्रमाणे चालतं, सोडणाऱ्याप्रमाणे नाही. आजीच्या सवयीची मोजदाद खाली दिली आहे. तिच्यावरून आम्हाला 'त्यानी' जास्त शक्य वाटतं. खात्री नाही."

हॉलमध्ये ती बाबांना टिपण दाखवत होती तेव्हा आजोबा म्हणाले, "मोठ्यानं वाच की. माझ्या गोदाचीच पत्रं आहेत ना."

उत्कर्षानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. तिनं वाचलं, सगळं, मोजदादीसकट. शेवटी ते पत्रही वाचलं: "मी लांबून पाहिलं. कुणापाशी बोलले नाही, तुला सांगते."

आजोबांनी पत्र हातात मागून घेतलं.

"तिनं पाहिलं होतं?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेवटपर्यंत एका शब्दानं बोलली नाही." ते पुढे सांगू लागले. "एका हाताला शाम होता, एका हाताला मुक्ताई. फळीवर पाय घसरला. पडू नये म्हणून मी फळीच्या कडेला बांधलेला दोर धरला. दोर धरायला एक हात मोकळा करावा लागतो, पोरी. लोक जमले. विचारायला लागले, पोरगी कुणाच्या हातात होती. मी शामकडं पाहिलं. तोंडानं काही बोललो नाही, नुसतं पाहिलं. बाकीचं लोकांनीच ठरवलं."

बाबांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. ते उठून आत गेले आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

"ते प्रश्नचिन्ह काढून टाक," आजोबा म्हणाले.

उत्कर्षा म्हणाली, "ते नाही काढता येणार, आजोबा. कागदावर आम्हाला एवढंच दिसतं. तुम्ही सांगितलंत ते खाली वेगळं लिहिते, तुमच्या नावानं आणि आजच्या तारखेनं."

आजोबांनी मान डोलावली. तिनं लिहिलं. खाली त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात सही केली. मग म्हणाले, "आधी फोन लावा. हे त्यानं कागदावर वाचू नये."

कॅनडात सकाळ होती. बाबांनी बाहेर येऊन फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आजोबांनी सांगितलं, काहीही न वगळता. चेतनला वाटलं, लाईन तुटली.

"बाबा," शामकाका म्हणाला, "पण मला मुक्ताईचा हात आठवतो. माझ्या हातातला. घामानं ओला झालेला. सत्तेचाळीस वर्षं रोज आठवतो."

"तो माझा," आजोबा म्हणाले.

फोन बंद झाला. नंतरचे तीन दिवस काकाचा काहीच निरोप नव्हता. वर्षश्राद्ध झालं, पत्रं आणि टिपण ईमेलनं गेलं. दीपमालाआत्यानं लगेच उत्तर पाठवलं, "पोरांनो, घरातल्या मोठ्यांनी जे करायला हवं होतं ते तुम्ही केलंत." बाबांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मोठ्यांत मीही आलो."

बुधवारी शामकाकाचा फोन आला. त्यानं उत्कर्षाला मागितलं.

"टिपण चारदा वाचलं," तो म्हणाला. "खात्री नाही असं लिहिलंत, म्हणून मोजदादीवर विश्वास बसला. मला त्या वेलांटीचा फोटो पाठवशील? उजेड बाजूनं पाडून."

"लगेच पाठवते, काका."

"आणि माझ्या बाबांना फोन दे."

ती हॉलमध्ये गेली. आजोबांनी फोन कानाला लावला. पलीकडून काका काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. आजोबा फक्त "हो" म्हणाले, मग पुन्हा "हो." उत्कर्षानं अपूर्वाला आणि चेतनला खूण केली आणि तिघंही दार ओढून बाहेर आली.