गजावरचा लाल दोरा

त्या शनिवारी मैना आपल्या सातवीच्या मुलींना घेऊन यवतमाळातल्या छोट्या वस्तुसंग्रहालयात गेली. कवेलूंच्या छपराची एकच लांब खोली. काचेच्या कपाटात तलवारी आणि खिडकीशी दोन लाकडी तिवयांवर आडवी ठेवलेली तोड्याची बंदूक. माहिती सांगायला रूपसिंग, म्हणजे मैनाचे वडील. आजोबा-पणजोबांच्या तांड्याबरोबर लादलेल्या बैलांची राखण करत हिंडलेली ही बंदूक त्यांनीच इथं दिली होती.

"ही मूठ पाहा कशी आखूड हाय," तलवार उचलून ते म्हणाले. "हात गच्च बसला पाहिजे. मनगटानं मारली तं वार वाया. खांद्यातून आनाची आन् ओढून कापाची."

मग बंदूक. आधी नळीत बारूद, त्यावर गोळी, मग गजानं दोन्ही ठासायचं. नळीच्या मागच्या टोकाला बारीक भोक, त्याला कान म्हणायचं. कानाशी पितळी प्याली, तिच्यात चिमूटभर रंजक, म्हणजे बारीक दारू. सोऱ्याच्या पाण्यात उकळून वाळवलेली सुताची दोरी, हा तोडा. तो जाळ न धरता नुसता धुमसतो. लोखंडी आकड्यात तो अडकवलेला. "चाप जितका ओढसान, आकडा तितकाच झुकते. झटका नाही. सोडला का मागं."

आणि शेवटी त्यांची ठरलेली गोष्ट. गज नळीच्या बाहेरून, टोक कानाशी लावून धरला की नळीच्या तोंडाशी जिथं येतो तिथं त्यांनी लाल दोरा बांधला होता. गज आत सोडल्यावर दोरा तोंडाला टेकला तर बंदूक रिकामी. बाहेर राहिला तर आत काहीतरी आहे.

गज सोडणाऱ्यानं तोंड फिरवून घ्यायचं, दुसऱ्यानं दोरा पाहून सांगायचं, ही त्यांच्या घरची रीत. रूपसिंगांनी गज सोडला आणि मान वळवली.

"बोल, मैना."

मैनानं मान हलवली. मुलींपुढं तिला कसंसंच झालं.

"मुंडी हालवून काय होते वं? मले दिसते काय? तोंडानं सांग."

मुली खिदळल्या. जमनी नावाची धीट पोरगी ओरडली, "रिकामी हाय, बाबा!"

"तुले कोनं इचारलं?" ते हसले. "पोरगी मास्तरीण झाली, आता बापाले जबाब देत नाही."

तरीही क्षणभर ते तसेच थांबले, मान वळवून. मग गज काढला.

रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

दुसरा माणूस मिळेपर्यंत माहिती तुम्हीच सांगा, असं समितीनं मैनाला सांगितलं. तिला सगळं पाठ होतं. पहिल्याच खेपेला, मुलांसमोर, लाल दोरा नळीच्या तोंडापासून बोटभर बाहेर राहिला.

तिनं पोलिसांच्या शस्त्रागारातल्या बळीराम हवालदारांना बोलावलं. त्यांनी पेचाच्या टोकाचा गज फिरवला, नुसता गंज निघाला. नळीत गरम पाणी ओतलं, ते कानातून सरळ बाहेर आलं. नळी कोरडी केली. दोरा तोंडाला टेकला.

"काहीच नाही बाई. बिनधास्त दाखवा पोरायले."

त्यानंतरच्या शनिवारी मैना पुन्हा आपल्याच वर्गाला घेऊन गेली. तिनं गज सोडला.

दोरा चार बोटं बाहेर राहिला.

काहीतरी जळत होतं. घरी संध्याकाळी दिवा मालवल्यावर वातीचा यावा तसा वास. तिनं मागच्या टोकाकडं पाहिलं. वडिलांनी स्वतः वळलेल्या आणि कधीच न पेटवलेल्या तोड्याच्या टोकावर लाल ठिणगी होती. खाली प्यालीत काळी रंजक.

नळीच्या समोर जमनी उभी होती.

"बाजूला! सगळ्या भिंतीकडं!"

मुली पळाल्या. जमनी मात्र दोऱ्याकडं पाहत तिथंच. मैनानं तिचा हात धरून ओढलं, तर ती हलेना. पाय जमिनीत रोवल्यासारखे.

"बाई," ती हलकेच म्हणाली, "बाबा तोंड फिरवून बसलेत."

बंदुकीच्या लाकडी दस्त्यामागं कोणीच नव्हतं.

चाप मागं सरकत होता. सावकाश. आकडा झुकत होता, चाप जितका ओढला जाई तितकाच.

मैनानं सवयीनं जोरजोरात मान हलवली, नकाराची.

आकडा झुकतच राहिला.

"भरली हाय, बा!"

तिचा आवाज कवेलूंवर आदळला. आकडा थांबला. ठिणगी प्यालीपासून गव्हाच्या दाण्याएवढी दूर.

जमनी तिच्या अंगावर कलली. तिला भिंतीशी बसवून मैना वळली.

गज आत सरकत होता. कोणी हात लावला नव्हता. लाल दोरा नळीच्या तोंडाला टेकला.

प्यालीत आता काहीच नव्हतं. पण चाप अजून ओढलेलाच होता. ओढून धरलेला.

मैना दस्त्याजवळ गेली. तिथली हवा ऊबदार होती.

"रिकामी हाय, बा," ती मोठ्यानं म्हणाली. "आता रिकामी हाय."