मंगळावरची वीस मिनिटं

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या झेरॉक्सच्या दुकानातून मी चुकीचा गठ्ठा उचलून कात्रपला घरी आले. मी मुद्रितशोधक. मला हवी होती एका शाळेच्या स्मरणिकेची प्रुफं, आणि पिशवीतून निघाली मंगळावरच्या वस्तीची कादंबरी! पहिल्याच पानावर नाव आणि नंबर होता — अनीश.

मी फोन केला, पण तीन प्रकरणं वाचून झाल्यावर.

"पूर्ण वाचा ना," तो म्हणाला. "आठ दिवसांत प्रकाशकाला द्यायचीय, आणि अजून कुणी वाचलेली नाही..."

दोन दिवसांनी अंबरनाथ स्टेशनबाहेर चहाला भेटलो. तो कारखान्याच्या लॅबमधून थेट आला होता. बाहीवर पिवळा डाग, डोळ्यांत उत्सुकता. मी वही उघडली. डावीकडे त्याच्या जगाचा एकेक नियम, पुढे तो जिथे सांगितला ते पान, आणि मग तो जिथे जिथे लागतो ती सगळी पानं.

"प्राणवायू कार्डावर मोजून मिळतो. म्हातारी तो चोरून विकते, ती चूक नाही. ती कायदा मोडते, पकडलीही जाते. पण लग्नात तीनशे पणत्या जळतात आणि कुणी हूं की चूं करत नाही... तिथे तुम्ही विसरलात."

"बापरे. आणखी?"

"पृथ्वीवर निरोप पोचायला वीस मिनिटं लागतात. मग अकराव्या प्रकरणात वस्तीतली ती आणि पृथ्वीवरचा तो फोनवर लगेच उत्तरं देत कसे भांडतात?"

"एखादं नवं यंत्र टाकतो."

"मग वस्तीची पंचायत कशाला? उत्तराची वाट बघता येत नाही म्हणून तर ती स्वतः निर्णय घेते. यंत्र आलं तर हुकूम पृथ्वीवरूनच येतील की!"

"माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे ते," तो म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

चार दिवस फोन नाही. मी उगाचच स्वतःवर चिडत राहिले.

पाचव्या दिवशी मोबाईलवर नवं अकरावं प्रकरण आलं. त्यात ती उत्तराची वाट न बघता मनातलं सांगून टाकते. त्याच वेळी तोही तिकडून तेच बोलतो. दोघांचे निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून जातात, आणि दोघं वीस मिनिटं जीव मुठीत धरून बसतात. पेन्सिल घेऊन मी वेळा ताडून पाहिल्या. एकही मिनिट चुकलं नव्हतं. मी लगेच फोन लावला.

"हिच्या हातात वही आहे. आधीच्या मसुद्यात नव्हती."

"आधी मला अशी कुणी माहीत नव्हती..." तो अडखळला. "राजसी, पुढचं सगळं तुझ्यासोबत लिहावंसं वाटतंय. फक्त कादंबरी नाही. तुला — 'तू' म्हटलं तर चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं. कान गरम झाले होते. "रविवारी घरी ये. आईला सांगते, एक लेखक येतोय."

"फक्त लेखक?"

"बाकीचं तू सांग... मी शेजारी बसेन."